पत्ता सुचवणारी सेवा निवडताना: आधी अटी, मग कव्हरेज, शेवटी दर

प्रश्न: आमचा डिलिव्हरीचा छोटा व्यवसाय आहे, रोज साधारण ९० ऑर्डर. ग्राहक पत्ता अर्धवट टाकतात आणि रायडर भटकत बसतो. पत्ता टाइप करतानाच सुचवणारी सेवा फॉर्मला जोडायची आहे. गूगल घ्यावं, मॅपबॉक्स घ्यावं की ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं काही? खर्च, कव्हरेज आणि वापराच्या अटी, तिन्ही बाजूंनी कोणी समजावून सांगेल का?

उत्तर:

तुम्ही खर्च, कव्हरेज, अटी असा क्रम लावलात. मी तो उलटा करायला सांगेन. तुमच्या आकाराच्या व्यवसायात महिन्याचं बिल बहुतेक वेळा शून्य येतं किंवा थोडक्यात आटोपतं, त्यामुळे दरपत्रकावरून निवड होत नाही. खरा फरक पडतो तो सेवेने दिलेला पत्ता आणि निर्देशांक, म्हणजे अक्षांश-रेखांश, तुम्हाला स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवता येतात की नाही, यावर. डिलिव्हरीवाल्याला ते ठेवावेच लागतात. तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येतं, रायडरच्या यादीत पत्ता हवा असतो, महिन्याभराने कोणी "ऑर्डर पोचलीच नाही" म्हणालं तर कुठे नेली ते दाखवावं लागतं. म्हणून सुरुवात तिथून करतो.

गूगलच्या प्लेसेस सेवेची अट थोडक्यात अशी आहे: जागेचा आयडी, म्हणजे `place_id`, तुम्ही हवा तितका काळ ठेवू शकता. अक्षांश-रेखांश तात्पुरते, जास्तीत जास्त सलग ३० दिवस. बाकीची माहिती साठवून आपला पत्त्यांचा संग्रह उभा करायला परवानगी नाही. ऐकायला हे जाचक वाटतं, पण यातून सरळ वाट निघते. ग्राहकाच्या नोंदीत आयडी ठेवा आणि रायडरला पाठवायच्या वेळी त्या आयडीवरून निर्देशांक पुन्हा मागवा. हे आयडी कालांतराने बदलू शकतात, त्यामुळे बारा महिन्यांहून जुने आयडी ताजे करून घ्या असं गूगलच सांगतं. फक्त `id` हे एकच फील्ड मागितलं तर ती विनंती मोफत असते, म्हणजे वर्षातून एकदा सगळी यादी तपासायला पैसे पडत नाहीत.

दुसरी अट लोकांच्या लक्षातच येत नाही आणि तीच पुढे नडते. गूगलकडून आलेला पत्ता किंवा निर्देशांक गूगलच्याच नकाशावर दाखवता येतो, दुसऱ्याच्या नकाशावर नाही. तुमच्या रायडरचं ॲप ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालत असेल आणि फॉर्ममध्ये गूगलच्या सूचना असतील, तर ती जोडी अटीत बसत नाही. नकाशा अजिबात न दाखवता नुसता ड्रॉपडाउन दाखवला तर चालतं, मात्र सूचनांपाशी गूगलचं श्रेयचिन्ह दिसलं पाहिजे. त्यांचं तयार विजेट ते आपोआप दाखवतं. एपीआय थेट बोलावून स्वतःची यादी रंगवलीत तर ते तुम्हाला टाकावं लागतं, आणि डिझाइन नीटनेटकं करायच्या नादात बरेच जण तेच पुसून टाकतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रात बिलिंग पत्ता असलेल्यांना जुलै २०२५ पासून वेगळ्या अटी आहेत. तुमचं खातं तिथलं असेल तर तो वेगळा मजकूर वाचा, मी वर सांगितलेला नव्हे.

मॅपबॉक्सने हाच प्रश्न दरातून सोडवलाय. त्यांच्या जिओकोडिंगचे, म्हणजे पत्त्यावरून निर्देशांक काढण्याचे, दोन प्रकार आहेत, तात्पुरतं आणि कायमचं. तात्पुरत्याचा निकाल साठवायचा नाही, कायमच्याचा साठवता येतो. विनंतीत फरक एका पॅरामीटरचा, `permanent=true`. दरात मात्र बराच फरक आहे: तात्पुरत्याच्या महिन्याला पहिल्या १,००,००० विनंत्या मोफत आणि पुढे हजाराला पाऊण डॉलर, तर कायमच्याचे हजाराला ५ डॉलर. म्हणून टाइप करताना तात्पुरतं वापरायचं आणि ग्राहकाने पत्ता निवडल्यावर त्या एकाच पत्त्यासाठी कायमची विनंती करायची, अशी रचना बसते. ॲमेझॉनच्या लोकेशन सेवेतही हीच कल्पना आहे. तिथे `IntendedUse` मध्ये `SingleUse` की `Storage` ते तुम्ही आधीच सांगता आणि दर त्याप्रमाणे लागतो. हे पॅरामीटर चुकीचं ठेवलं तरी कोड व्यवस्थित चालतो, निकालही येतात. बिघडते ती परवानगी, आणि ती स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. कोणी तरी फाइल उघडून बघेपर्यंत कळत नाही, म्हणून हे एकदा स्वतः तपासा.

ओपनस्ट्रीटमॅपच्या बाजूला मोठा गैरसमज आहे. डेटा मुक्त आहे, साठवता येतो, श्रेय द्यावं लागतं, आणि त्यातून डेटाबेस बनवून बाहेर वाटलात तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. आपल्यापुरता ठेवायला अडचण नाही. पण डेटा मुक्त आहे म्हणजे त्यांचा सर्व्हर फुकट वापरायला मोकळा आहे असं नाही. नॉमिनॅटिम या ओपनस्ट्रीटमॅपच्या पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या सार्वजनिक सर्व्हरची मर्यादा सेकंदाला एक विनंती इतकीच आहे, आणि अक्षरागणिक सुचवण्यासाठी तो वापरायला धोरणातच स्पष्ट मनाई आहे. तरीही इंटरनेटवरचे धडे नेमकं तेच करायला शिकवतात. ते बघून जोडलंत तर चाचणीत झकास चालेल आणि गर्दीच्या संध्याकाळी तुमचा आयपी ॲड्रेस बंद केला जाईल. अक्षरागणिक शोधासाठी मुळातच बनवलेली मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फोटॉन आणि पेलिअस. ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात, किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर चालणारी जिओॲपिफायसारखी पैसे देऊन वापरायची सेवा घेता येते. जिओॲपिफायमध्ये दिवसाला ३,००० क्रेडिट, म्हणजे सुचवण्याच्या तेवढ्या विनंत्या, मोफत आहेत आणि निकाल साठवायला ते मोकळेपणाने परवानगी देतात. रोज ९० ऑर्डरसाठी स्वतःचा सर्व्हर उभारू नका. डेटा ताजा ठेवणं, मेमरी सांभाळणं, रात्री बंद पडला तर उठणं, हे सगळं वाचलेल्या बिलापेक्षा महाग पडतं.

आता कव्हरेज. "अमुक सेवेचं कव्हरेज चांगलं आहे" या वाक्याला तुमच्यासाठी काही अर्थ नाही, कारण तुम्ही जगभर माल पोचवत नाही. तुमच्या डिलिव्हरीच्या परिसरात, तुमची गिऱ्हाइकं जशी लिहितात तसं लिहिल्यावर, योग्य घर सापडतं का एवढंच बघायचं. काही देशांत सरकारने पत्त्यांची नोंदवही खुली केलीय, उदाहरणार्थ फ्रान्सची बीएएन, नेदरलँड्सची बीएजी, ऑस्ट्रेलियाची जी-नॅफ. तिथे मुक्त डेटावरच्या सेवाही घर क्रमांकापर्यंत उत्तम पोचतात आणि महागडी सेवा घ्यायचं कारण उरत नाही. ब्रिटनमध्ये रॉयल मेल या टपाल कंपनीची पत्त्यांची पीएएफ फाइल परवाना घेऊन वापरावी लागते, त्यामुळे तिथल्या सेवांच्या दरात त्या परवान्याचे पैसे आलेच. आणि जिथे घर क्रमांकांची शिस्तच नाही, लोक इमारतीच्या नावाने आणि खुणेने पत्ता सांगतात, तिथे दुकानं, शाळा, इमारती यांची नावं कोणाकडे जास्त आहेत यावर सगळं ठरतं. अशा भागात गूगल बहुतेक वेळा पुढे असतं.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्याकडे चाचणीचं उत्तम साहित्य पडून आहे: पोचवून झालेल्या ऑर्डर. त्यातले २०० पत्ते काढा. सगळे सोपे घेऊ नका. ११०-१२० नेहमीचे घ्या, ४० नव्या बांधकामांतले, आणि उरलेले असे की जिथे रायडरला फोन करावा लागला होता. रायडरच्या ॲपमध्ये "पोचवलं" हे बटण दाबतानाचा जीपीएस नोंदला जात असेल, तर दाराचे खरे निर्देशांक तुमच्याकडे आधीच आहेत. नोंदला जात नसेल तर आजपासून नोंदवायला सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत पुरेसे जमतील.

मग प्रत्येक पत्ता, ग्राहकाने मूळ जसा टाइप केला होता तसाच, एकेक अक्षराने त्या सेवेत घाला. तीन गोष्टी टिपा: योग्य पत्ता पहिल्या पाच सूचनांत आला का, कितव्या अक्षराला आला, आणि निवडल्यावर मिळालेला बिंदू दारापासून किती मीटर लांब आहे. ग्राहक दोन लिप्यांत लिहीत असतील तर दोन्हींत करून बघा, कारण एका लिपीत उत्तम चालणारी सेवा दुसऱ्या लिपीत अडखळताना मी पुष्कळदा पाहिली आहे. अंतराची सरासरी काढू नका. १७० पत्ते दहा मीटरच्या आत असतील आणि ३० पत्ते अर्धा किलोमीटर लांब, तर सरासरी फसवते आणि तुमचा रायडर त्या ३० पत्त्यांतच भटकतो. दीडशे मीटरच्या पलीकडे किती गेले, तेवढा आकडा मोजा आणि सेवांची तुलना त्याच आकड्यावर करा. आणि हो, चाचणीच्या शीटमध्ये सेवेने दिलेले निर्देशांक साठवून ठेवू नका. "सापडला, सातव्या अक्षराला, १८ मीटर" एवढी तुमची नोंद पुरते. नाही तर अटी तपासायला बसलात आणि तपासतानाच मोडल्यात असं होईल.

बिंदू लांब पडतो तेव्हा सेवा बहुतेक वेळा ते कबूल करत असते, आपणच वाचत नाही. गूगलच्या जिओकोडिंगमध्ये `location_type` येतो. `ROOFTOP` म्हणजे नेमकं घर, `RANGE_INTERPOLATED` म्हणजे रस्त्याच्या दोन टोकांमधून अंदाजाने काढलेली जागा, `GEOMETRIC_CENTER` म्हणजे रस्त्याचा किंवा वस्तीचा मध्य. मॅपबॉक्समध्ये याच कामासाठी `accuracy` असतो, आणि हिअर या नकाशासेवेत निकाल `houseNumber` आहे की नुसता `street` ते `resultType` सांगतो. रस्त्याचा मध्य मिळाला असेल तर ऑर्डर पुढे ढकलू नका, ग्राहकाला तिथेच पिन सरकवायला सांगा. हा एक नियम लावला तरी रायडरचे बरेच फोन वाचतात.

कव्हरेजमधली आणखी एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती सगळ्या सेवांत सारखीच घडते आणि तुमच्या "अर्धवट पत्ता" या तक्रारीचं मूळ कदाचित तिच्यातच सापडेल. ग्राहक टाइप करतो "१२/३" आणि पुढे रस्त्याचं नाव. सेवेकडे तो घर क्रमांक नाही, पण रस्ता आहे. यादीत पहिली सूचना नुसत्या रस्त्याची येते. ग्राहकाला वाटतं बरोबर आहे, तो तिच्यावर बोट ठेवतो. त्या क्षणी तुमचा कोड रकान्यातला मजकूर सूचनेच्या मजकुराने बदलतो आणि "१२/३" नाहीसं होतं. ग्राहकाने पूर्ण पत्ता दिला होता, फॉर्मने तो अर्धा केला. मी पाहिलेल्या एका फॉर्ममध्ये ऑटोकम्प्लीट जोडल्यानंतर घर क्रमांक नसलेल्या ऑर्डर वाढल्या, आणि मालक कित्येक दिवस ग्राहकांनाच दोष देत होते.

उपाय दोन ओळींचा आहे. ग्राहकाने शेवटी हाताने टाइप केलेला मजकूर वेगळा जपून ठेवा. सूचना निवडल्यावर त्या मजकुरातले आकडे निवडलेल्या पत्त्यात आहेत का ते पाहा, आणि नसतील तर "घर क्रमांक १२/३ बरोबर आहे ना?" असं विचारा. शिवाय मजला, फ्लॅट क्रमांक आणि जवळची खूण यांचा रकाना अगदी वेगळा ठेवा आणि तो कोणत्याही सेवेकडे पाठवूच नका. फ्लॅट क्रमांक बहुतेक सेवांकडे नसतो. तो शोधात घातला की आलेली सूचनाही कधी कधी भलत्या रस्त्याकडे वळते.

आता पैसे. इथे एकच गोष्ट मुळातून समजून घ्यावी लागते: सेवा मोजते काय? काही सेवा प्रत्येक विनंती मोजतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक. काही सेशन मोजतात, म्हणजे पहिल्या अक्षरापासून पत्ता निवडेपर्यंतचं सगळं मिळून एक. काही ठिकाणी सूचना आणि निर्देशांक वेगळे मोजले जातात. हिअरचं `autocomplete` निर्देशांक देतच नाही, ते मिळवायला निवडल्यावर दुसरी विनंती करावी लागते. दोन दरपत्रकांतला "हजाराला अमुक डॉलर" हा आकडा म्हणूनच शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. आधी स्वतःच्या विनंत्या मोजा.

तुमचाच हिशेब करू. रोज ९० म्हणजे महिन्याला २,७०० ऑर्डर. समजा त्यातल्या १,५०० जुन्या गिऱ्हाइकांच्या आहेत. त्यांना फोन क्रमांकावरून आधीचा पत्ता दाखवा, एका बोटात निवडू द्या. तिथे सेवेला हात लावायचाच नाही. यापेक्षा स्वस्त आणि अचूक सूचना जगात दुसरी नाही, आणि अटींच्या भागात साठवणुकीवर एवढं का बोललो तेही यातून लक्षात येईल. उरल्या १,२०० ऑर्डर. पत्ता टाइप करायला सुरुवात करून मध्येच निघून जाणारे आणखी ४०० धरा. म्हणजे १,६०० जण टाइप करतात. प्रत्येकी १४ अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराला विनंती गेली तर २२,४०० विनंत्या.

गूगलने मार्च २०२५ मध्ये जुनी दर महिन्याची २०० डॉलरची सवलत काढून टाकली आणि प्रत्येक प्रकारच्या विनंतीला स्वतंत्र मोफत कोटा दिला. जागतिक दरपत्रकाप्रमाणे ऑटोकम्प्लीटच्या विनंत्यांना तो महिन्याला १०,००० आहे, पुढे हजाराला २.८३ डॉलर. सेशन न धरता, नुसत्या विनंत्या मोजल्या तर १२,४०० वरच्या, म्हणजे साधारण ३५ डॉलर. आता कोडमध्ये एवढंच करा की चार अक्षरं होईपर्यंत विनंती जाणार नाही, आणि बोट ३०० मिलिसेकंद थांबल्याशिवायही जाणार नाही:

```js
let timer;
let token = crypto.randomUUID();

box.addEventListener("input", () => {
  clearTimeout(timer);
  const q = box.value.trim();
  if (q.length < 4) return;
  timer = setTimeout(() => suggest(q, token), 300);
});

async function onPick(id) {
  await details(id, token);
  token = crypto.randomUUID();
}
```

याने माणशी १४ ऐवजी साधारण ५ विनंत्या धरा. १,६०० गुणिले ५ म्हणजे ८,०००. मोफत कोट्याच्या आत, बिल शून्य. सेवा तीच, ३५ डॉलरचं शून्य झालं ते केवळ सात-आठ ओळींनी. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही, उलट यादी कमी थरथरते. एक काळजी घ्या: आधीच्या अक्षरांचं उत्तर उशिरा येऊन नव्या यादीवर बसू शकतं, म्हणून नवी विनंती निघताना जुनी रद्द करा.

पत्ता निवडल्यावरची दुसरी विनंती तपशिलाची. तिचा दर तुम्ही कोणती फील्ड मागता त्यावर ठरतो. `formattedAddress`, `location`, `addressComponents` एवढंच मागितलं तर ती पैसे लागणाऱ्यांतल्या सर्वात खालच्या पायरीत बसते, महिन्याला १०,००० मोफत आणि पुढे हजाराला ५ डॉलर. तुमच्या १,२०० निवडी त्यात आरामात मावतात. `displayName` जोडलंत की वरची पायरी लागते, मोफत कोटा ५,००० वर येतो आणि पुढचा दर हजाराला १७ डॉलर होतो. फोन क्रमांक किंवा उघडण्याच्या वेळा मागितल्या तर आणखी वरची पायरी, तिथे मोफत फक्त १,०००. पत्त्यासाठी यातलं काहीच लागत नाही. नमुन्याचा कोड चिकटवताना फील्डच्या जागी `*` राहिलं नाही ना, ते मात्र डोळ्यांनी बघा.

वरच्या कोडमध्ये `token` निवडीनंतर बदललाय, त्याचं कारण सांगतो. सेशन टोकन म्हणजे "हे सगळं एकाच माणसाचं एकाच पत्त्याचं टाइपिंग आहे" अशी सेवेला दिलेली खूण. पत्ता निवडून तपशील मागवला की सेशन संपतं. तोच टोकन पुढच्या पत्त्याला वापरला, तर ते सेशन धरलं जात नाही आणि प्रत्येक अक्षर सुटं मोजलं जातं. काही वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली होती. टोकन पान उघडताना एकदाच बनवला होता, आणि ते पान ऑर्डर घेणाऱ्या ऑपरेटरचं होतं. ती बाई सकाळी पान उघडायची आणि संध्याकाळपर्यंत त्याच पानावर फोनवरच्या ऑर्डर लिहायची. दिवसाचा पहिला पत्ता सेशनमध्ये, बाकी सगळे सुटे. चाचणीत मी दर वेळी पान नव्याने उघडत होतो, त्यामुळे मला काही दिसलं नाही. बिलाच्या तपशिलात सुट्या विनंत्यांची ओळ सेशनच्या ओळीपेक्षा कितीतरी मोठी दिसली तेव्हा उमगलं. तुम्हीही पहिल्या आठवड्यातच ही दोन ओळींची तुलना करा, महिनाअखेरीची वाट पाहू नका.

दहापट वाढलात तर चित्र बदलतं. टाइप करणारे १६,०००, विनंत्या ८०,०००. गूगलकडे सुट्या विनंत्यांच्या हिशेबाने ७०,००० वरच्या म्हणजे साधारण १९८ डॉलर, आणि १२,००० तपशिलांतल्या वरच्या २,००० चे १० डॉलर. मॅपबॉक्सकडे ८०,००० तात्पुरत्या विनंत्या मोफत कोट्यात बसतात, पण साठवण्यासाठी १२,००० कायमच्या विनंत्या कराव्या लागतात, त्यांचे ६० डॉलर. आज तुमच्या १,२०० निवडींना तेच ६ डॉलर पडतील. जिओॲपिफायचं गणित वेगळ्या जागी अडतं. ८०,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला सरासरी २,६६७, जे ३,००० च्या आत दिसतं. पण ऑर्डर सरासरीने येत नाहीत. सुटीच्या दिवशी दीडपट झाल्या की ४,००० होतात आणि ज्या दिवशी सेवा सगळ्यात जास्त हवी, त्याच दिवशी मर्यादा ओलांडली जाते. रोजचा कोटा असलेल्या सेवेचा हिशेब नेहमी सर्वात गर्दीच्या दिवसावर करा. आजच्या तुमच्या ८,००० विनंत्यांना, म्हणजे दिवसाला २६७ ना, ही अडचण नाही.

मग तुम्ही काय घ्यावं? रायडरचं ॲप आधीच गूगलच्या नकाशावर असेल आणि तुमच्या भागात लोक इमारतीच्या किंवा दुकानाच्या नावाने पत्ता सांगत असतील, तर गूगल घ्या, `place_id` साठवा, निर्देशांक ३० दिवसांनी पुसणारं काम रात्री चालवा. घर क्रमांक नीट असलेल्या भागात असाल आणि नकाशा दुसरा असेल, तर साठवायला मोकळी परवानगी देणारी सेवा आधी २०० पत्त्यांवर तपासा. ती दीडशे मीटरच्या कसोटीत गूगलच्या जवळपास उतरली तर तीच घ्या, पुढे अटींची डोकेदुखी राहणार नाही. मॅपबॉक्स या दोहोंच्या मधलं आहे: साठवणुकीचे पैसे मोजायचे आणि निश्चिंत राहायचं.

सेवा कोणतीही घेतलीत तरी रायडरने दाराशी टिपलेला जीपीएस बिंदू पूर्णपणे तुमचा असतो. तो कोणाकडून घेतलेला नाही, त्यामुळे त्याला ३० दिवसांची मुदत नाही आणि दुसऱ्या नकाशाची बंदीही नाही. दुसऱ्या ऑर्डरपासून रायडरला सेवेचा बिंदू न देता हाच द्या. फक्त ग्राहकाचं ठिकाण कायमचं ठेवताय हे त्याला सांगा आणि खातं बंद केल्यावर पुसून टाका.

जोडणी करताना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका. ब्राउझरमध्ये एपीआय की दिसत असेल तर ती तुमच्याच डोमेनपुरती आणि त्याच एपीआयपुरती बांधून घ्या, आणि कन्सोलमध्ये रोजच्या विनंत्यांची कमाल मर्यादा घाला. बजेटची सूचना नुसता ईमेल पाठवते, विनंत्या थांबवत नाही. थांबवतो तो कोटा. तुमच्या दिवसाला २६७ विनंत्या होतात, तर कोटा १,५०० ठेवा. ही की चोरीला गेली तरी नुकसान तिथेच अडेल.

आणि फॉर्मने सेवेला थेट बोलावण्याऐवजी तुमच्या सर्व्हरवरच्या `/suggest` आणि `/details` अशा दोन पत्त्यांना बोलवावं, सर्व्हरने पुढे सेवेला. सेवा बदलायची वेळ येते तेव्हा याची किंमत कळते. मॅपझेन नावाची चांगली सेवा होती, पेलिअस तिथेच बनलं. २०१८ च्या सुरुवातीला त्यांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी संपता संपता ती बंदही झाली, म्हणजे वापरणाऱ्यांच्या हातात जेमतेम महिना होता. सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे पेलिअस जगलं, पण ज्यांच्या फॉर्ममध्ये जागोजागी तो पत्ता लिहिला होता त्यांना सगळं उकलावं लागलं. मधल्या सर्व्हरमुळे हे काम एका फाइलपुरतं राहतं. तिथेच हेही लिहून ठेवा: सेवेकडून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर यादी न दाखवता रकाना साधा होऊ द्या आणि ग्राहकाने हाताने लिहिलेला पत्ता जसाच्या तसा स्वीकारा. अशा ऑर्डरवर वेगळी खूण करा, म्हणजे रायडर निघण्याआधी कोणी तरी ग्राहकाला फोन करून पत्ता पक्का करेल.